ईएमआयमधून वजा न होणारे नऊ हजार

विरार, नालासोपारा, नायगावच्या कुठल्याही साइट ऑफिसात जा. सॅम्पल फ्लॅट बघून झाला, चहा आला, की समोरचा माणूस कॅल्क्युलेटर काढतो. "साहेब, ३० लाखांचं लोन, २० वर्षं, ईएमआय २६ हजार. घाबरू नका. मुद्दलाचे दीड लाख, व्याजाचे दोन लाख, असे साडेतीन लाख टॅक्समधून वजा. ३० टक्क्यांनी धरा, वरचा सेस धरा, वर्षाला १ लाख ९ हजार वाचले. म्हणजे महिन्याला ९ हजार सरकारच भरतंय की! तुमच्या खिशातून फक्त १७ हजार."

हा हिशेब मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. माझं काम पगारदारांचे रिटर्न भरून देण्याचं, आणि येणारी माणसं बहुतेक वसई ते विरार पट्ट्यातलीच. सकाळी लोकलला लटकून अंधेरी, लोअर परळ गाठणारी. पहिलं घर घेतलेला प्रत्येक जण जूनमध्ये फाइल घेऊन येतो आणि विचारतो, "लोनचं किती वाचलं?" हल्ली दहातल्या आठ जणांना माझं उत्तर असतं, "शून्य." त्यावर चेहरा पडतो, कारण त्यांनी तो ९ हजारांचा आकडा धरूनच घराचं बजेट बसवलेलं असतं.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. फ्लॅट बुक करायच्या आधी वाचलंत तर जास्त उपयोग.

आधी या दोन वजावटी म्हणजे काय ते बघू. ईएमआयमध्ये दोन भाग असतात, मुद्दल आणि व्याज. मुद्दलाचा भाग कलम ८०सी मध्ये जातो. त्याची मर्यादा वर्षाला दीड लाख, पण ती एकट्या घराची नाही. त्याच दीड लाखात तुमचा पीएफ, एलआयसी, पीपीएफ, मुलांची ट्यूशन फी सगळं बसवायचं असतं. घर घेताना भरलेली स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन फीसुद्धा, ज्या वर्षी भरली त्याच वर्षी, याच दीड लाखात येते. व्याजाचा भाग कलम २४(बी) मध्ये. स्वतः राहत्या घरासाठी त्याची मर्यादा वर्षाला दोन लाख.

या दोन्ही मर्यादा २०१४ च्या जुलैमधल्या बजेटमध्ये ठरल्या. तेव्हा ८०सी एक लाखाचं दीड लाख झालं आणि व्याजाची मर्यादा दीडची दोन लाख झाली. त्यानंतर विरारच्या फ्लॅटचे भाव कुठून कुठे गेले ते आपल्याला माहीत आहे, हे आकडे मात्र जागचे हलले नाहीत.

मधे एक खिडकी उघडली होती. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात कर्ज मंजूर झालं असेल, घराचं सरकारी मूल्य ४५ लाखांच्या आत असेल आणि ते तुमचं पहिलंच घर असेल, तर दोन लाख संपल्यावर व्याजाची आणखी दीड लाखाची वजावट मिळायची. कलम ८०ईईए. मुंबईत ४५ लाखांच्या आत काय येतं? ही सवलत खरी म्हणजे वसई-विरारसारख्या भागातल्या माणसासाठीच होती. त्या काळात ज्यांनी कर्ज घेतलं त्यांना ती अजूनही लागू आहे, फक्त जुन्या करपद्धतीत. ३१ मार्च २०२२ नंतरच्या कर्जाला नाही. साइट ऑफिसात आजही कुणी "पाच लाख वजा" म्हणत असेल, तर तो त्या बंद झालेल्या खिडकीबद्दल बोलतोय.

आता मुख्य मुद्दा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करपद्धत हीच डीफॉल्ट झाली. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर तुम्ही नव्या पद्धतीत. आणि नव्या पद्धतीत राहत्या घराच्या कर्जाची कुठलीच वजावट नाही. मुद्दलाची नाही, व्याजाचीही नाही. त्याच्या बदल्यात कराचे दर कमी केले. २०२५-२६ पासून तर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. पगारदाराला ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन मिळते, म्हणून पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असला तरी कर शून्य.

यावर लोक म्हणतात, "मग मी जुनी पद्धत घेतो, माझं लोन आहे ना." इथेच थांबा आणि कागद-पेन घ्या.

पगार साडेअकरा लाख असलेला माणूस धरू. आपल्याकडे पहिला टू-बीएचके घेणारे बरेच जण याच्या आसपासचे असतात. नव्या पद्धतीत ११.५० लाखातून ७५ हजार गेले, राहिले १०.७५ लाख. १२ लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. आता जुनी पद्धत घ्या आणि त्याला सगळं भरभरून द्या: स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार, ८०सीचे पूर्ण दीड लाख, व्याजाचे पूर्ण दोन लाख. उत्पन्न राहिलं साडेसात लाख. त्यावर पहिल्या अडीच लाखांवर काही नाही, पुढच्या अडीच लाखांचे १२,५०० आणि त्यापुढच्या अडीच लाखांचे २० टक्क्यांनी ५० हजार. एकूण ६२,५००, वर ४ टक्के सेस, झाले ६५ हजार.

म्हणजे "लोनचा फायदा घ्यायचा" म्हणून जुनी पद्धत निवडली तर त्याला ६५ हजार रुपये जास्त भरावे लागतात. वजावट मिळाली, फॉर्ममध्ये साडेतीन लाखांचा आकडा दिसला, मनाला बरं वाटलं, आणि खिशातून ६५ हजार गेले. मी हे एका ताईंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पण मग लोनचं काय?" लोनचं काही नाही, ताई. घर नसतं तरी तुमचा कर शून्यच होता. घर आहे तरी शून्यच आहे. कर्जामुळे त्यात एक रुपयाचा फरक पडत नाही.

मग जास्त पगारवाल्यांना तरी फायदा होतो का? १८ लाख पगार धरू. नव्या पद्धतीत सेससकट कर येतो १,५०,८००. जुन्या पद्धतीत घराचे पूर्ण साडेतीन लाख वजा करूनही येतो २,४१,८००. म्हणजे ९१ हजारांचा फटका. १८ लाखांच्या पगारावर जुनी पद्धत नव्याच्या बरोबरीला यायची, तर स्टँडर्ड डिडक्शन सोडून जवळजवळ ६ लाख ४२ हजारांच्या वजावटी लागतात. घराचे साडेतीन लाख, एनपीएसचे ५० हजार, मेडिक्लेमचे २५ हजार धरले तरी सव्वाचार लाखांवर गाडी थांबते. एचआरए मिळाला तर आकडा पुढे जातो, पण स्वतःच्या घरात राहणाऱ्याला एचआरएची सूट नसते. पगार पावणेपंचवीस लाखांच्या वर गेला की बरोबरीसाठी ८ लाखांच्या वजावटी लागतात. राहत्या घराच्या एका कर्जावर तिथे कोणी पोचत नाही.

जुनी पद्धत अजून परवडते अशी माणसं आहेत, नाही असं नाही. उदाहरणार्थ, विरारला फ्लॅट घेऊन तो भाड्याने दिला आणि स्वतः नोकरीजवळ मोठं भाडं भरून राहतो असा माणूस. त्याला एचआरएही आहे आणि भाड्याच्या घराच्या व्याजाची वजावटही. भाड्याच्या घराला नव्या पद्धतीतसुद्धा व्याज वजा होतं, पण फक्त त्या घराच्या भाड्याच्या उत्पन्नापुरतं. उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. जुन्या पद्धतीत तो तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. अशा माणसाने दोन्ही हिशेब करून बघावेत. पण राहायला पहिलं घर घेणारा माणूस म्हणजे हा नव्हे.

आता त्या "साडेतीन लाखांच्या" आकड्याकडे वळू. जुनी पद्धत गृहीत धरली तरी तो फसवा आहे. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. ईएमआय २६,०३५. पहिल्या वर्षभरात तुम्ही ३ लाख १२ हजार भरता. त्यातलं व्याज साधारण २ लाख ५३ हजार आणि मुद्दल फक्त ६० हजारांच्या आसपास. सुरुवातीला ईएमआय म्हणजे बहुतेक व्याजच असतं. म्हणजे व्याजातले ५३ हजार दोन लाखांच्या मर्यादेबाहेर गेले, वाया. आणि मुद्दल दीड लाख नाहीच, ६० हजार आहे. ते ८०सीत घालायला गेलं तर तिथे पीएफ आधीच ६०-७० हजारांची जागा अडवून बसलेला, वर एलआयसी. पहिल्या वर्षी स्टॅम्प ड्युटी भरलेली असते, ती तर एकटीच दीड लाखांच्या वर जाते. घर घेतलं नसतं तरी यातली अर्धी जागा भरलेलीच होती. म्हणजे घरामुळे *नव्याने* वाढलेली वजावट साडेतीन लाख कधीच नव्हती. पूर्वीसुद्धा नव्हती.

यानंतरचा मुद्दा आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा. तो म्हणजे ताबा आणि ओसी.

वसई-विरारमध्ये पहिलं घर घेणारे बरेच जण बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतात, कारण ते स्वस्त पडतं. बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते आणि तुम्ही प्री-ईएमआय म्हणून नुसतं व्याज भरत राहता, शिवाय चालू घराचं भाडंही. या काळात भरलेल्या व्याजाची वजावट त्या-त्या वर्षी मिळत नाही. बांधकाम पूर्ण झालं त्या वर्षापासून पुढे पाच वर्षं, पाच सारख्या हप्त्यांत ती मिळते. मुद्दलाच्या बाबतीतही घर पूर्ण होण्याआधी फेडलेल्या मुद्दलाची वजावट घेऊ नये.

उदाहरण घेऊ. कर्ज जुलै २०२२ मध्ये घेतलं, ताबा आणि ओसी ऑगस्ट २०२५ मध्ये. जुलै २०२२ पासून ३१ मार्च २०२५ पर्यंत भरलेलं व्याज धरा साडेचार लाख. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे ९० हजार. हा २०२५-२६ पासून पाच वर्षं दरवर्षी मागता येतो. ऐकायला छान वाटतं, पण हे ९० हजारसुद्धा त्याच दोन लाखांच्या मर्यादेत बसवायचे असतात. चालू वर्षाचं व्याजच अडीच लाख असेल तर मर्यादा आधीच भरली. ते साडेचार लाख तुम्ही भरले, आणि कराच्या कागदावर त्यांची नोंद होऊनही उपयोग काही झाला नाही.

आणि प्रोजेक्ट रखडला तर? नियम असा आहे की ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं, ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण व्हायला हवं. जून २०२० मध्ये कर्ज घेतलं असेल, तर मुदत ३१ मार्च २०२६. त्यानंतर पूर्ण झालं तर राहत्या घराच्या व्याजाची मर्यादा दोन लाखांवरून ३० हजारांवर येते. एका वर्षापुरती नाही, त्या कर्जाला कायमची. उशीर बिल्डरचा, शिक्षा तुम्हाला.

बांधकाम पूर्ण झाल्याचा साधा, वादाशिवायचा पुरावा म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला आपण ओसी म्हणतो. आणि आपल्या शहरात याच कागदाची सगळ्यात जास्त टंचाई आहे. लोक किल्ली मिळाली की पूजा घालून राहायला जातात आणि ओसीचं नाव काढलं की बिल्डर म्हणतो, "प्रोसेसमध्ये आहे." किल्लीचं पत्र, सोसायटीची पावती, वीजबिल हे सगळं जपून ठेवा, प्रश्न आला तर उपयोगी पडतं. पण ओसीच्या जागी ते नक्की चालेलच, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. महारेराचा नंबर म्हणजेही ओसी नव्हे. तो प्रोजेक्ट नोंदवल्याचा कागद आहे, इमारत पूर्ण आणि कायदेशीर असल्याचा नव्हे.

टॅक्स हा इथे फार लहान प्रश्न आहे, हे मला कळतं. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. २०२५ च्या सुरुवातीला तिथली माणसं सामान रस्त्यावर ठेवून बसलेली आपण पाहिली. घर पडतं, पण घरासाठी काढलेलं कर्ज पडत नाही. वजावटीची मुदत आणि डोक्यावरचं छप्पर, दोन्हींचं उत्तर एकाच कागदात आहे. तो मागायला लाजू नका, आणि तो हातात येईपर्यंत त्या प्रोजेक्टच्या वजावटीवर कुठलंच गणित बांधू नका.

पुढचा मुद्दा ॲग्रीमेंटवर नाव कुणाचं. यावर घराघरांत चर्चा होते आणि बऱ्याचदा चुकीच्या माहितीवर होते.

वजावट मिळायला दोन्ही गोष्टी लागतात: तुम्ही घराचे मालकही असायला हवेत आणि कर्जदारही. दोघं नवरा-बायको मालक आणि दोघंही कर्जदार असतील, तर दोघांना आपापल्या हिश्शाप्रमाणे स्वतंत्र मर्यादा मिळते. नुसतं कर्जात नाव आहे पण ॲग्रीमेंटमध्ये नाही, तर हप्ता तुमच्या खात्यातून गेला तरी वजावट नाही.

दुसरीकडे, महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते. ही २०२१ पासून सुरू आहे. ४० लाखांच्या घरावर ४० हजार रुपये. पण नवऱ्याचं नाव जोडीला टाकलं की ती सवलत गेली. पूर्वी यात खरा पेच होता. कमावता नवरा मालक नसेल तर दरवर्षीची वजावट जायची, म्हणून लोक ४० हजार सोडून दोघांची नावं टाकायचे. आज पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर ती वजावट शून्य किमतीची आहे. मग जी सवलत रोख आहे आणि नोंदणीच्या दिवशीच मिळते, ती का सोडायची? बायकोच्या एकटीच्या नावावर घर असण्याला पैशापलीकडचाही अर्थ आहे, तो प्रत्येकाने आपल्या घरात बोलावा. पण "टॅक्ससाठी माझं नाव हवंच" हे कारण आता बहुतेकांच्या बाबतीत उरलेलं नाही. उद्या पगार बराच वाढला तरी वरचं १८ लाखांचं गणित आठवा.

मग वर्षभराचं नियोजन म्हणजे नक्की करायचं काय? माझ्या मते चार वेळा थांबून बघायचं, बस.

एप्रिलमध्ये ऑफिस विचारतं, नवी पद्धत की जुनी. तेव्हा "लोन आहे, जुनी टाक" असं मित्राने सांगितलं म्हणून टिक करू नका. वरच्यासारखा दोन ओळींचा हिशेब दोन्ही बाजूंनी करा. दर महिन्याचा टीडीएस त्यावर ठरतो, आणि चुकीचं टिक केलं तर वर्षभर पगार विनाकारण कमी हातात येतो. खातं आयकरच्या पोर्टलवरचं असेल तर तिथला कॅल्क्युलेटरही दोन्ही पद्धतींचा कर दाखवतो.

डिसेंबर-जानेवारीत पुराव्यांचा मोसम येतो. जुन्या पद्धतीत असाल तर बँकेकडून व्याजाचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट घ्या आणि त्यात मुद्दल-व्याज वेगळं लिहिलंय का ते बघा. याच दिवसांत एजंट काकांचाही फोन येतो, "८०सीसाठी एक पॉलिसी घेऊन टाक." नव्या पद्धतीत असाल तर ८०सीच नाही, त्यामुळे त्या कारणासाठी पॉलिसी घेण्यात काही अर्थ नाही. विमा हवा असेल तर विमा म्हणून घ्या.

मार्चमध्ये एक बारकावा लक्षात ठेवा. मुद्दलाची वजावट प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर मिळते, व्याजाची त्या वर्षाच्या देय व्याजावर. मार्चचा हप्ता बाउन्स होऊन एप्रिलमध्ये गेला, तर त्यातलं मुद्दल पुढच्या वर्षात जातं. आणखी एक: घराचा ताबा घेतला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर ८०सीमध्ये आधी घेतलेली मुद्दलाची आणि स्टॅम्प ड्युटीची सगळी वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत जोडली जाते. व्याजाला हा नियम नाही.

आणि जुलैमध्ये रिटर्न. ऑफिसला काहीही सांगितलेलं असो, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना पद्धत बदलता येते, आणि दरवर्षी बदलता येते. पण जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत भरायलाच हवं. मुदत चुकली की नवीच लागू. व्याजाची वजावट मागताना आता फॉर्ममध्ये बँकेचं नाव, कर्ज खातं क्रमांक, मंजुरीची तारीख, बाकी रक्कम हे सगळं विचारतात. पूर्वी नुसता आकडा टाकून काम व्हायचं, ते दिवस गेले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्यात ८०सीतली वजावट कलम १२३ मध्ये गेली आहे. नंबर बघून गोंधळू नका, मर्यादा तीच आहे.

मग जे ९ हजार सरकार भरणार नाही, त्यांचं काय करायचं? आधी ते बजेटमधून काढून टाकायचे. ईएमआय २६ हजार म्हणजे २६ हजारच. तो झेपत नसेल तर घर लहान बघा किंवा डाउन पेमेंट वाढवा. टॅक्सच्या आशेवर १७ हजार समजून २६ हजारांचा हप्ता घेऊ नका.

दुसरं, जुना सल्ला सोडा. पूर्वी जाणती माणसं सांगायची, "होम लोन लवकर फेडू नकोस, टॅक्स बेनिफिट जाईल." आता बेनिफिटच नाही, तर तुमचं कर्ज तुम्हाला पूर्ण साडेआठ टक्क्यांना पडतं. वरच्याच कर्जात दर महिन्याला ५ हजार जास्त भरले, तर २० वर्षांचं कर्ज पावणेचौदा वर्षांच्या आत संपतं आणि व्याजाचे साडेअकरा लाखांहून जास्त वाचतात. फ्लोटिंग दराच्या कर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून बँका आगाऊ फेडीचा दंड घेऊ शकत नाहीत. फक्त जादा रक्कम मुद्दलात जमा झाली ना, आणि बँकेने ईएमआय न घटवता मुदत घटवली ना, हे लेखी विचारा. अर्थात चार-सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवल्यावरच.

तिसरं, कमी उत्पन्नाच्या घरांसाठी खरी मदत आता करात नाही, अनुदानात आहे. प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसेल, तर पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याज अनुदान आहे. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या कर्जाला. वसई-विरारमध्ये या किमतीत बसणारी घरं अजून मिळतात. बुकिंगच्या वेळी वजावटीबद्दल विचारण्याऐवजी बँकेत या अनुदानाबद्दल विचारा.

शेवटी सरकारबद्दल एकच. दर कमी केले ही चांगली गोष्ट आहे, साडेअकरा लाखांवर कर शून्य झाला याची तक्रार कोण करेल? पण त्याबरोबर एक बदल झाला आणि तो कुणी मोठ्याने सांगितला नाही. घर घेणाऱ्याला करातून मिळणारा हात काढून घेतला गेला. आता घर घेणारा आणि न घेणारा, दोघांचा कर सारखाच. धोरण म्हणून ते बरोबरही असेल, त्यावर चर्चा व्हावी. मात्र जी सवलत उरलेली नाही तिच्या जोरावर आजही फ्लॅट विकले जातायत, आणि त्या हिशेबावर सही करणारा माणूस पुढची २० वर्षं रोज पहाटेची विरार लोकल पकडणार आहे. त्याला निदान खरा आकडा तरी कळायला हवा.

कुणाचा हिशेब अडला असेल तर कमेंटमध्ये पगार, कर्ज आणि ताब्याची तारीख एवढंच लिहा. पॅन, खातं नंबर टाकू नका.